प्रकल्प नोंदी: रिअ‍ॅक्शन व्हिडिओतल्या चेहऱ्यावरून ‘घाबरले’ म्हणता येईल का?

४ मार्च

कामाचं स्वरूप ठरलं. एका भयपटाचा ट्रेलर आहे, २ मिनिटं २० सेकंदांचा. तो बघताना लोकांनी स्वतःचं चित्रण करून टाकलेले रिअ‍ॅक्शन व्हिडिओ आम्ही त्यांच्या परवानगीने गोळा केले आहेत. काम देणाऱ्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय: प्रेक्षक नेमके कुठे घाबरले? खरं तर उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं दिसतं. १:३२ ला अंधारात दार धाडकन उघडतं, आवाज एकदम चढतो आणि पडदा क्षणभर पांढरा होतो. त्या सेकंदावर उंच टोक असलेला आलेख मिळाला की ते खूश होतील.

सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका प्रेक्षकाच्या ४,२०० फ्रेम होतात. आकडा मोठा वाटतो, पण लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये चेहरा जवळजवळ तोच असतो. म्हणून नमुन्याचा आकार मोजताना फ्रेम मोजायच्या नाहीत, माणसं मोजायची, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. नाहीतर पुढे कुठलाही फरक ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’ ठरतो.

७ मार्च

सुरुवात सात भावांच्या तयार मॉडेलने केली: राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य आणि तटस्थ. प्रत्येक फ्रेमला सात आकडे मिळतात आणि त्यांची बेरीज कायम १ भरते. इथेच पहिली अडचण आहे. ‘यातलं काहीच नाही’ म्हणायची सोय मॉडेलला नाही. कोणी जांभई दिली, नाक खाजवलं किंवा मान वळवली, तरी ते १ या सात खणांत वाटलंच जाणार.

आमच्या व्हिडिओंमध्ये ट्रेलरच्या पहिल्या चाळीसेक सेकंदांत बऱ्याच जणांना ‘राग’ आणि ‘दुःख’ मिळालं. पडद्यावर तेव्हा फक्त जंगलातला रस्ता दिसतो. व्हिडिओ उघडून पाहिले तर लोक नीट लक्ष देऊन बघत होते, बस. लक्ष देताना भुवया खाली येतात, ओठ मिटतात. मॉडेलच्या लेखी तो राग.

मॉडेल असं का वागतं, हे ते कशावर शिकलंय ते पाहिलं की कळतं. या प्रकारची बरीच मॉडेलं एफइआर-२०१३ या संचावर शिकवलेली असतात. त्यात ३५,८८७ चित्रं आहेत, प्रत्येक ४८ गुणिले ४८ पिक्सेलचं, कृष्णधवल, वेबवरच्या चित्रशोधातून जमवलेलं. त्या चेहऱ्यामागच्या माणसाला काय वाटत होतं, हे कोणी त्याला विचारलेलं नव्हतं. दिसण्यावरून लेबलं लावली गेली, आणि माणसांनी तीच चित्रं ओळखायला घेतली तेव्हा त्यांची अचूकताही साधारण ६५ टक्क्यांच्या आसपासच राहिली. म्हणजे मॉडेल अगदी उत्तम चाललं तरी ते इतकंच सांगतं की हा चेहरा पाहून एखादा लेबल लावणारा कुठला शब्द निवडेल. चेहऱ्याच्या मालकाचा त्यात कुठेच संबंध आलेला नाही.

८ मार्च

मानसशास्त्राच्या बाजूने काम पाहणाऱ्या सहकारीने २०१९ चा लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांचा आढावा वाचायला दिला. वेगवेगळ्या मतांच्या पाच संशोधकांनी मिळून केलेला, म्हणून जास्त विश्वासाचा. त्यातली एक गोष्ट आमच्या कामाला थेट लागू पडते: रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात ती सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास वेळा. उरलेल्या वेळी चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी असतं, आणि राग नसतानाही आठ्या पडतात. म्हणजे गळती दोन्ही बाजूंनी. आठी दिसली म्हणून राग आहे असं नाही, आणि दिसली नाही म्हणून राग नाही असंही नाही.

भावांची नावं देणारं मॉडेल बाजूला ठेवलं. त्याची फाइल पुसली नाही. शेवटी तुलनेला लागेल.

१२ मार्च

आता स्नायूंच्या पातळीवर. एकमन आणि फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचाली क्रमांकांनी नोंदवायची पद्धत मांडली. प्रत्येक दृश्य हालचालीला एक ‘अ‍ॅक्शन युनिट’. ४ म्हणजे भुवया खाली ओढणं, ६ म्हणजे गाल वर येणं, १२ म्हणजे ओठांचे कोपरे वर खेचले जाणं, २५ ओठ विलग होणं, २६ जबडा खाली पडणं. या यादीत ‘आनंद’ किंवा ‘भीती’ असं काही नाही, आणि मला तेच हवं होतं. ओपनफेस हे टूल यातल्या १७ युनिट्सची तीव्रता ० ते ५ मध्ये देतं.

```
FeatureExtraction -f in.mp4 -aus -pose -au_static
```

शेवटचा `-au_static` महत्त्वाचा. तो दिला नाही तर टूल त्या माणसाच्या पूर्ण व्हिडिओवरून त्याचा ‘नेहमीचा चेहरा’ काढतं आणि त्याच्या तुलनेत मोजतं. बहुतेक वेळ चेहरा शांत असेल तर हे चांगलंच. पण आमच्यातली एक प्रेक्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत हसतमुख आहे. तिच्यासाठी हसू हाच शून्य ठरला, आणि दाराच्या प्रसंगी तिचं हसू मावळलं तेव्हाच काय तो बदल दिसला. दोन्ही पद्धतींनी काढलेले `AU12_r` चे आलेख शेजारी ठेवले तर ते एकाच व्यक्तीचे आहेत यावर विश्वास बसू नये. स्थिर पद्धतीतही त्रुटी आहेत: ज्यांच्या ओठांचे कोपरे मुळातच वर वळलेले, त्यांना कायम थोडं हसू चिकटतं. आम्ही स्थिर पद्धत घेतली आणि प्रत्येकाचा शून्य ट्रेलर सुरू होण्याआधीच्या भागावरून स्वतः ठरवला.

(सीएसव्हीतल्या स्तंभांच्या नावांपुढे मोकळी जागा येऊ शकते. `df.columns = df.columns.str.strip()` आधी चालवायचं, मगच बाकीचं.)

१५ मार्च

सगळ्यात ठसठशीत ‘भेदरलेला’ चेहरा कोणाचा निघाला? ट्रेलरमधल्या नटीचा! रिअ‍ॅक्शन व्हिडिओत मोठ्या चौकटीत ट्रेलर चालू असतो आणि कोपऱ्यात वेबकॅमची छोटी चौकट असते. टूलने मोठा, उजळ चेहरा पकडला. मधल्या एका दृश्यापुरताच पकडला, त्यामुळे एकूण सरासरीत ते लपून गेलं होतं. कळलं ते `pose_Tx` मुळे: डोकं एका फ्रेममध्ये अख्ख्या पडद्याइतकं सरकलेलं दिसत होतं. माणसाचं डोकं असं उडत नाही.

इलाज साधा आहे. आधी वेबकॅमची चौकट कापून काढायची.

```
ffmpeg -i in.mp4 -vf "crop=480:360:0:720" cam.mp4
```

हे डाव्या खालच्या कोपऱ्यासाठी. प्रत्येक निर्मात्याची चौकट वेगळ्या जागी असते, काही जण ती मधेच हलवतात. कापल्यावर काहींचा चेहरा उणापुरा साठ-सत्तर पिक्सेल रुंद उरतो, त्यावरून पापणीची हालचाल मोजणं म्हणजे अंदाज बांधणं. असे व्हिडिओ वगळले.

१९ मार्च

आज दोन गोष्टी एकत्र उलगडल्या आणि दोन्ही दाराच्या प्रसंगाभोवतीच्या आहेत.

पहिली उजेडाची. लोक अंधाऱ्या खोलीत बसतात, चेहऱ्यावर उजेड पडतो तो पडद्याचाच. ट्रेलर काळोखा झाला की चेहरा काळोखा होतो, पडदा पांढरा झाला की चेहरा उजळतो. म्हणजे ज्याचा परिणाम मोजायचा, तोच ट्रेलर आमची मोजपट्टीही हलवतोय. हे कितपत खरं ते बघायला एका सहकाऱ्याचा शांत चेहऱ्याचा खऱ्या आकाराचा फोटो छापून घेतला, पडद्यासमोर उभा केला, खोलीत अंधार केला, ट्रेलर लावला आणि वेबकॅमने चित्रण करून तेच टूल चालवलं. फोटोला काही वाटण्याचा प्रश्नच नाही, तरी भुवयांचा आकडा, `AU04_r`, अंधारात वर चढला आणि १:३२ च्या पांढऱ्या झोतात खाली आला. ओठांच्या आकड्यांवर परिणाम कमी होता. तेव्हा या ट्रेलरपुरतं तरी भुवयांवर काही बोलायचं नाही.

दुसरी गोष्ट गायब फ्रेम्सची. रीतसर सल्ला असतो की चेहरा सापडल्याची टूलची खात्री, म्हणजे `confidence`, ०.८ च्या खाली गेलेल्या फ्रेम टाकून द्या. टाकण्याआधी त्या कुठे आहेत ते पाहिलं:

```
df["bad"] = (df["confidence"] < 0.8) | (df["success"] == 0)
df.groupby(df["timestamp"].astype(int))["bad"].mean()
```

गाळलेल्या फ्रेम १:२५ ते १:३६ मध्ये दाटल्या आहेत. व्हिडिओ पाहिले की कारण लगेच दिसतं. लोक तोंडावर हात नेतात, उशी पुढे धरतात, मान फिरवतात, खुर्चीत मागे जातात. ज्यांची प्रतिक्रिया सर्वांत मोठी, त्यांचाच चेहरा त्या क्षणी टूलला सापडत नाही. गाळणी लावून सरासरी काढली तर ती उरते जे स्वस्थ बसून होते त्यांची. वरून मोकळी जागा दोन्ही बाजूंच्या आकड्यांनी भरून घेतली, तर आलेखावर छान गुळगुळीत रेघ येते आणि तिथे काही हरवलंय याचा मागमूसही राहत नाही.

म्हणून यापुढे प्रत्येक आलेखाखाली दुसरी पट्टी: त्या सेकंदाला किती जणांचा चेहरा मोजता आला. ती पट्टी नसलेला आलेख कोणाला पाठवायचा नाही.

२४ मार्च

उरलं तोंड: २५ आणि २६. पण रिअ‍ॅक्शन व्हिडिओ करणारा माणूस गप्प बसत नाही, बोलणं हाच त्याचा उद्योग. ‘आ’ म्हणताना जबडा पडतो, ‘ई’ म्हणताना ओठ फाकतात आणि टूलला हसू दिसतं. ‘अरे बापरे, आता काहीतरी होणार’ या एका वाक्यात आश्चर्यापासून स्मितापर्यंत सगळं येऊन जातं.

ध्वनिपट्टीवरून बोलण्याचे तुकडे हाताने खुणावले. ट्रेलरचा आवाज आणि माणसाचा आवाज एकाच पट्टीत मिसळलेले असल्याने हे आपोआप नीट होत नाही. बोलण्याच्या फ्रेम वगळल्यावर १:३२ चं टोक बरंच खाली आलं, पण पूर्ण गेलं नाही. किंकाळी बोलण्यात धरायची की प्रतिक्रियेत, यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी वेगळा रकाना केला.

याच कामात लक्षात आलं की वेळेचा मेळही बघावा लागतो. लोक ट्रेलर मधेच थांबवतात, दोन वाक्यं बोलतात, पुढे चालू करतात. काही जण चढवण्याआधी संथ भाग कापतात. मूळ ट्रेलरचा ध्वनी प्रत्येक व्हिडिओच्या ध्वनीशी जुळवून वेळ पुन्हा बसवली. जिथे माणसाच्या चित्रातच कट आहे, तिथे कटच्या अलीकडचा आणि पलीकडचा चेहरा एका सलग प्रतिक्रियेचा आहे असं धरता येत नाही. काय कापलं गेलं, ते तर कधीच कळणार नाही.

२८ मार्च

समजा, उजेड, हात, बोलणं, कट सगळं मार्गी लागलं आणि स्नायूंचं मोजमाप निर्दोष मिळालं. तरी ‘घाबरले’ म्हणता येईल का? आजचा दिवस यात गेला.

क्राउट आणि जॉन्स्टन यांनी १९७९ मध्ये बोलिंग अ‍ॅलीत पिना पाडायचा खेळ खेळणाऱ्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. चेंडूने चांगल्या पिना पाडल्यावर खेळाडू पिनांकडे तोंड असताना क्वचितच हसायचे. वळून मित्रांकडे पाहिलं की हसायचे. पुढे फ्रिडलंड यांनी १९९१ मध्ये लोकांना सुखद चित्रफीत दाखवली: कोणी एकट्याने पाहिली, कोणाला सांगितलं की तुमचा मित्र दुसऱ्या खोलीत हेच बघतोय, कोणाच्या शेजारी मित्र खरोखर बसलेला. हसण्याच्या स्नायूची हालचाल सोबत किती आहे, निदान मनात किती आहे, त्याप्रमाणे बदलली. स्वतः सांगितलेल्या आनंदाशी तिचा तसा मेळ बसला नाही.

आमच्या प्रेक्षकांच्या समोर तर कॅमेरा आहे. तो त्यांनीच लावलाय आणि उद्या हजारो लोक हा चेहरा पाहणार हे त्यांना माहीत आहे. म्हणून ते खोटं करतात असा अर्थ मी काढत नाही. खरंच दचकलेला माणूसही ते दचकणं बघणाऱ्यापर्यंत पोहोचेल असं करतो. पण वाटलेलं किती आणि कळवलेलं किती, याची फोड चेहऱ्याच्या आकड्यांत नाही. ट्रेलर पहिल्यांदाच पाहतोय, या दाव्याचंही तेच. आणि जे लोक निर्विकार राहिले, त्यांनी तो व्हिडिओ चढवलाच नसेल.

२ एप्रिल

आमचं काम पाहणाऱ्या मॅडमसोबत बैठक. त्यांना वाटत होतं की माणसांकडून तपासून घेतलं की प्रश्न सुटेल: चार जणांनी व्हिडिओ पाहून भाव लिहावा, टूलशी जुळतो का बघावं. मी म्हटलं, ‘मॅडम, दोन प्रकारे करून बघूया.’ चार जणांना आधी १:३० ते १:३६ चा फक्त कापलेला चेहरा दाखवला, आवाजाशिवाय. मग तेच तुकडे ट्रेलर आणि आवाजासकट.

नुसता चेहरा पाहून उत्तरं विखुरली. उघडं तोंड आणि ताणलेले गाल याला कोणी हसणं म्हटलं, कोणी ओरडणं, एकाने तर शिंक. ट्रेलर दिसल्यावर चौघेही ‘भीती’ वर आले. सहमती वाढली खरी, पण ती चेहऱ्यातून आलेली नाही. दार उघडतंय हे माहीत असलेला माणूस त्या चेहऱ्यात भीती वाचणारच. अविएझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये टेनिसपटूंच्या छायाचित्रांवर असंच दाखवलं होतं: महत्त्वाचा गुण जिंकलेला की हरलेला, हे लोकांना नुसत्या चेहऱ्यावरून सांगता आलं नाही, शरीरावरून आलं. तीव्र क्षणी चेहरे एकमेकांसारखे दिसतात, आणि आम्हाला नेमका तीव्र क्षणच हवा आहे.

मॅडम म्हणाल्या, ‘मग तुम्हाला काय मिळालं असतं म्हणजे समाधान झालं असतं?’ रास्त प्रश्न. बघून झाल्या झाल्या प्रेक्षकाने स्वतः दिलेला सेकंदवार अहवाल. कॅमेरा लपवलेला नाही पण व्हिडिओ कुठेही जाणार नाही अशी स्थिती. तोच ट्रेलर दाराच्या आवाजाशिवाय दाखवलेला दुसरा गट. हातावरच्या घामाची विद्युतवाहकता मोजता आली तर तीही, पण ती उत्तेजना सांगते. भीती की गंमत ते नाही. यातलं काहीच लोकांनी आपणहून टाकलेल्या व्हिडिओंमधून मागे जाऊन मिळवता येत नाही.

५ एप्रिल

मग या साहित्यातून काही निघतं का? एक गोष्ट निघते. प्रेक्षकांचे चेहरे एकाच वेळी हलतात का, हे विचारता येतं. प्रत्येकाचा `AU26_r` चा आलेख वेगवेगळ्या यादृच्छिक अंतराने पुढे सरकवायचा, शेवटचा भाग सुरुवातीला आणायचा, आणि सरासरी काढायची. हे हजार वेळा. सरकवण्याने प्रत्येकाची तोंड उघडण्याची सवय तशीच राहते, फक्त ट्रेलरशी असलेलं नातं तुटतं. मूळ सरासरीचं १:३२ चं टोक या हजारांतल्या जवळपास सगळ्यांच्या सर्वोच्च टोकांहून उंच असेल, तर त्या क्षणी काहीतरी सामाईक घडलं. आमचं टोक या कसोटीला उतरलं, बोलण्याच्या फ्रेम वगळूनही.

पण सामाईक काय? उजेडही सगळ्यांच्या तोंडावर एकाच वेळी पडतो, म्हणून फोटोच्या चाचणीचा आलेख त्याच अक्षावर ठेवला. जबड्याचा आकडा तिथे जवळपास स्थिर आहे, म्हणजे उजेडाने हे टोक आलेलं दिसत नाही. दुसरा उमेदवार दचकणं. अचानक मोठ्या आवाजाला पापणी मिटू लागते ती तीस-पन्नास मिलिसेकंदांत, आपल्या ३० फ्रेमच्या चित्रणात एक-दोन फ्रेमचं काम. मान आणि खांदे लगेच मागोमाग. फटाका वाजला तरी हेच होतं, तिथे भयकथा लागत नाही. जबडा दचकण्यापाठोपाठ पडला असेल, भीतीने पडला असेल, किंवा ‘बघा, मी किती दचकलो’ सांगताना पडला असेल. तिन्हींचा आलेख सारखाच दिसतो.

९ एप्रिल

अहवालाचा मसुदा गेला. मुख्य वाक्य असं आहे: ‘ज्या प्रेक्षकांनी आपला व्हिडिओ संपादित करून स्वतः प्रसिद्ध केला, त्यांच्यात १:३२ नंतरच्या दोन सेकंदांत, न बोलणाऱ्या आणि मोजता आलेल्या चेहऱ्यांमध्ये, जबडा खाली येण्याचं प्रमाण योगायोगाने अपेक्षित असेल त्यापेक्षा जास्त आहे. त्याच वेळी चेहरा झाकणाऱ्यांचं प्रमाणही सर्वाधिक आहे.’ खरं सांगायचं तर मला दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं. चेहरा झाकणं हाताने मोजलं, त्याला मॉडेल लागलं नाही.

परिशिष्टात सात भावांच्या मॉडेलचा आलेखही ठेवला, शेजारी फोटोच्या चाचणीवर त्याच मॉडेलने काढलेला आलेख जोडून. छापील फोटोला त्याने अधूनमधून ‘दुःख’ दिलंय.

११ एप्रिल

काम देणाऱ्यांचा फोन आला. ‘म्हणजे घाबरले असं आम्ही पत्रकात लिहायचं की नाही?’ नाही, असं सांगितलं. ‘दचकले’ चालेल का? तेही या मोजमापावरून नाही. ट्रेलर पाहून आपल्याला तसं वाटत असेल तर ते आपलं मत म्हणून लिहा. मग विचारणा झाली की हेच टूल त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण सत्रात कोणाचं लक्ष आहे ते बघायला वापरता येईल का. युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी भाव ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदी लागू केली आहे, हे कानावर घातलं. शिवाय ७ मार्चची नोंद पाठवली: लक्ष देऊन बघणाऱ्यांना राग मिळालेली.

पुढच्या आठवड्यात दाराचा आवाज काढलेली आवृत्ती त्यांच्याकडून मागवायची आहे. दोन गट, स्वतःचा अहवाल, आणि खोलीत सारखा उजेड.